मे महिना, पत्र्याची खोली आणि भाच्याचा कंट्रोलर: एका फोनचं पूर्ण प्रकरण

मे महिन्यातला रविवार, दुपारचे साडेतीन, आणि भाचा माझ्या काउंटरवर येऊन उभा राहिला. हातात फोन, खिशात गेमसाठी फोनला लावायचे दोन ट्रिगर, पिशवीत पंख्याचा क्लिपवाला कूलर. म्हणाला, मामा, गेम खेळायला कंट्रोलर घेऊ का, साडेतीन हजाराचा बघून ठेवलाय, ट्रिगरचा काही उपयोग होईना आणि कूलरचा तर अजिबातच नाही.

माझं नवी पेठेत मोबाईल रिपेअरिंगचं काउंटर आहे, त्यामुळं असली पोरं रोज दोन-तीन येतात, पण हा घरचा पोरगा, पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला, पॉकेटमनीतले अकराशे रुपये आधीच घालवून बसलेला. म्हणून म्हटलं, थांब, पैसे काढू नको, आधी मला सांग नक्की त्रास काय होतोय ते.

त्रास असा. बीजीएमआय हा बंदुकांचा मोबाईल गेम खेळतो, मित्रांची चौघांची टीम आहे, रोज दुपारी आणि रात्री रूम लावून सराव करतात. पहिली मॅच छान जाते, दुसरीच्या शेवटी अडकायला लागतं, तिसऱ्या मॅचला समोरचा माणूस उड्या मारत दिसतो, गोळी सुटायला उशीर होतो, स्क्रीन आपोआप अंधारी होते आणि चार्जर लावलेला असूनही चार्जिंग वाढायचं थांबतं. मित्र म्हणाले नेट खराब आहे बे. दुसरा म्हणाला दोन अंगठ्यानी खेळतोस म्हणून हरतोस, ट्रिगर घे. तिसरा म्हणाला कूलर घे. चौथ्यानं कंट्रोलर सांगितला. सगळ्यांचं ऐकून त्यानं एकेक वस्तू घेत आणली, पण रोग कुठला हे कुणी बघितलंच नाही.

माझ्या दृष्टीनं त्याच्या बोलण्यातच उत्तर होतं. पहिली मॅच चांगली आणि तिसरी वाईट, म्हणजे वेळेबरोबर काहीतरी वाढतंय. स्क्रीन आपोआप अंधारते आणि चार्जिंग थांबतं ही तर गरमीची खूणच, कारण बॅटरी पंचेचाळीसच्या आसपास गेली की बहुतेक फोन स्वतःहून चार्जिंग कमी करतात किंवा थांबवतात. नेट खराब असतं तर गेममधला पिंगचा, म्हणजे निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळेचा आकडा उडाला असता. तो म्हणाला पिंग चाळीस-पन्नासच असतो, हिरवाच. मग नेटला दोष देण्यात अर्थ नाही. पिंग स्थिर आणि फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, कमी पडतात, तर फोन दमलाय. पिंगच उड्या मारतोय आणि फ्रेम चांगल्या, तर राउटरकडं बघायचं. एवढा एक फरक लक्षात ठेवला तरी निम्मी पोरं चुकीची वस्तू घेणार नाहीत.

दुकान लवकर बंद केलं आणि त्याच्याबरोबर घरी गेलो. ताईचं घर अक्कलकोट रोडच्या बाजूला आहे, खाली दोन खोल्या आणि वर एक पत्र्याची, तीच ह्याची गेमिंग रूम. सोलापुरात मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी चार वाजता काय असतं हे इथल्या माणसाला सांगायला नको, भिंतीवरचं थर्मामीटर ४० दाखवत होतं आणि वरचा पंखा गरम हवाच खाली ढकलत होता. फोनला जाड रबरी कव्हर, चार्जर लावलेला, ग्राफिक्स स्मूथ आणि फ्रेम रेट ९० वाला.

मोजल्याशिवाय काही बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. लॅपटॉपवरून फोन बघायचा होता पण केबल लावली की केबलमधूनच चार्जिंग सुरू होतं आणि मोजणीच बिघडते, म्हणून वायफायवरून जोडला, अँड्रॉइड ११ पासून डेव्हलपर ऑप्शनमध्ये वायरलेस डिबगिंग मिळतं. मग ह्या दोन ओळी:

```
adb shell dumpsys battery
adb shell dumpsys thermalservice
```

पहिलीत temperature असा आकडा येतो, तो दहाने भागायचा, म्हणजे 468 आलं तर ४६.८ अंश. दुसरीत Thermal Status असतो, शून्य म्हणजे निवांत, एक म्हणजे थोडं तापलंय, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे फोनला खरंच सोसत नाहीये आणि तो प्रोसेसरचा वेग चांगलाच खाली आणतोय. फ्रेम किती पडतात ते फोनच्या गेम मोडमध्येच कोपऱ्यात दिसतं. लॅपटॉप नसेल तर बॅटरीचं टेंपरेचर दाखवणारं एखादं साधं ॲपपण चालतं, पण स्टेटस बघायला मिळाला तर जास्त कळतं, का ते पुढं येईलच.

पहिली मॅच जशी तो रोज खेळतो तशीच खेळवली. कव्हर चढवलेलं, चार्जर लावलेला, कूलर नाही. सुरुवातीलाच बॅटरी ३९.६, कारण खोलीच ४० ची. पंचवीस मिनिटांनी ४६.८, स्टेटस तीन, फ्रेम नव्वदवरून खाली येत येत ४५ च्या आसपास, मधेच ३८. पोराचं खेळणं वाईट नव्हतं, फोन अर्ध्या वेगानं चालत होता.

मग कव्हर काढलं, चार्जर काढला, फोन अर्धा तास निवांत ठेवला आणि परत मॅच. ४४.९, स्टेटस दोन, फ्रेम साठ-सत्तरमध्ये हेलकावे खात. एक रुपया न घालवता एवढा फरक. चार्जिंगची उष्णता आणि गेमची उष्णता दोन्ही एकाच डब्यात बसतात आणि वरून रबराची गोधडी, त्याला दुसरं काय होणार. काही फोनमध्ये बायपास चार्जिंग असतं, म्हणजे चार्जरची वीज बॅटरीत न भरता सरळ फोन चालवायला जाते, ते असेल तर चालू करावंच, ह्याच्या फोनमध्ये नव्हतं.

तिसऱ्या मॅचला त्याचा चारशे रुपयांचा पंख्याचा कूलर लावला. ४४.२. म्हणजे पाऊण अंशाचा फरक. भाचा म्हणाला, बघ मामा, बोगस निघाला ना. मी म्हटलं बोगस नाही रे, पंखा बरोबर चालतोय, पण तो हवा कुठली ओढतोय बघ. खोलीतली ४० ची. फोनची पाठ चव्वेचाळीस, हवा चाळीस, चार अंशाचाच उतार, त्या उतारावरून उष्णता किती घरंगळणार. पंखा गार करत नाही, तो फक्त बाजूच्या हवेइतकं खाली आणायचा प्रयत्न करतो. डिसेंबरात हाच पंखा चांगलं काम करेल, मे महिन्यात सोलापुरात त्याच्याकडून अपेक्षाच चूक.

मग टीममधल्या एका मित्राचा पेल्टियरवाला कूलर मागवला. हा वेगळा प्रकार आहे आणि दुकानदार दोन्हीला कूलरच म्हणतात म्हणून गोंधळ होतो. ह्याच्यात एक चपटी सिरॅमिकची टाइल असते, तिच्यातून वीज गेली की एक बाजू गार होते आणि दुसरी गरम, गार बाजू फोनला टेकते आणि गरम बाजूला पंखा आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात. हा खोलीच्या हवेपेक्षाही खाली जाऊ शकतो, पण वीज चांगली लागते, साधारण दहा वॉट किंवा जास्त. मित्रानं तो टीव्हीच्या मागच्या यूएसबीला लावून दिला होता आणि वर म्हणत होता की फार गार होत नाही. जुन्या यूएसबी पोर्टमधून अर्धा अँपिअरच मिळतो, म्हणजे अडीच वॉट, त्यात हे काय गार होणार. पाच व्होल्ट दोन अँपिअरच्या पॉवर बँकेला जोडला तेव्हा दोन मिनिटांत प्लेट बर्फासारखी गार लागायला लागली. फोनच्याच टाइप-सीमधून असा कूलर चालवू नये, तीच वीज बॅटरीतून जाणार आणि बॅटरी अजून तापणार.

आणि इथं ह्या सगळ्या प्रकरणातली माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट घडली. मित्रानं कूलर सवयीनं फोनच्या मधोमध लावला, सगळेच तसाच लावतात, पकडायला बरं पडतं. मॅच संपली, बॅटरी बघितली तर फक्त ३९.१. भाचा खूश. पण फ्रेम बघितल्या तर पन्नास-पंचावन्न, आणि स्टेटस दोन. म्हणजे आकडा चांगला आणि गेम वाईट. असं कसं?

कारण मधोमध बॅटरी असते. कूलर बॅटरीला गार करत होता आणि बॅटरीचा सेन्सर समाधानानं ३९ सांगत होता, पण प्रोसेसर बसतो मदरबोर्डवर आणि मदरबोर्ड बहुतेक फोनमध्ये वर, कॅमेऱ्याच्या शेजारी असतो. ती जागा तशीच भाजत होती. रोज फोन उघडणाऱ्याला हे माहीत असतं, पण मॉडेलनुसार जागा थोडी इकडंतिकडं होते, म्हणून दुकानात शॉर्ट शोधायला जी युक्ती करतो तीच केली. कूलर काढून दहा मिनिटं गेम चालू ठेवला, मग फोनची पाठ आयपीएनं, म्हणजे बोर्ड पुसायच्या अल्कोहोलनं ओलावलेल्या फडक्यानं एकदा पातळ पुसली आणि बघत बसलो, जिथं आधी वाळतं तिथं उष्णता जास्त. कॅमेऱ्याच्या खालच्या कडेपासून साधारण दोन बोटं आत, एक लंबगोल पट्टा सगळ्यात आधी कोरडा झाला. आयपीए पेटतं, म्हणून ते कपड्यावर अगदी थोडंच घ्यायचं, फोनवर ओतायचं नाही, चार्जर लावलेला नको. घरी आयपीए नसेल तर तळहाताच्या मागच्या बाजूनं चाचपलं तरी अंदाज येतो.

कूलर त्या पट्ट्यावर सरकवला. क्लिप कॅमेऱ्याच्या उंचवट्याला अडत होती म्हणून जरा तिरका बसवावा लागला, प्लेट पूर्ण सपाट टेकते का ते कागद सरकवून बघितलं, कारण मधे केसाएवढी हवा राहिली तरी गार प्लेट आणि फोन दोघं एकमेकांना भेटतच नाहीत. परत मॅच. बॅटरी ४२.३, म्हणजे मघापेक्षा तीन अंश जास्त, पण स्टेटस एक आणि फ्रेम नव्वदच्या खाली क्वचितच. सलग तिसऱ्या मॅचपर्यंत खेळवलं, तीच गत. मघाशी स्टेटस बघायला सांगितलं ते ह्यासाठी, बॅटरीचा आकडा हा बॅटरीचा आहे, गेमचा नाही.

ह्याच्या फोनची पाठ काचेची आहे. प्लास्टिकच्या पाठीतून उष्णता अजून हळू बाहेर येते, त्या फोनला कूलरचा फायदा कमीच दिसेल हे धरून चालावं. आणि चुंबकवाले कूलर येतात त्यांच्याबरोबर चिकटवायची लोखंडी चकती असते, ती बॅटरीवर न चिकटवता वर चिकटवली तरच अर्थ, आणि ज्याचा फोन वायरलेस चार्जिंगवाला आहे त्यानं चकती लावूच नये.

रात्री जेवणं झाली, ताईनं शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी वाढली होती, आणि मला अजून एक गोष्ट बघायची होती. मी म्हटलं, वर नको, खालच्या खोलीत बस, कूलर नको, फ्रेम रेट ९० वरून ६० वर आण. खालच्या खोलीत तेव्हा ३४ होतं. तीन मॅच झाल्या, बॅटरी ४१ वर जाऊन थांबली, स्टेटस शून्य-एक, फ्रेम ६० ला खिळलेल्या. एकदाही खाली नाही. भाच्याला पटेना, म्हणाला नव्वद म्हणजे नव्वद. पण खेळताना त्रास कशाचा होतो, नव्वदवरून पंचेचाळीसवर कोसळण्याचा. हात एका वेगाची सवय करून बसलेला असतो आणि ऐन फायटीत वेग निम्मा होतो. स्थिर साठ हे कोसळणाऱ्या नव्वदपेक्षा कधीही बरं, हे मी त्याला त्याच्याच स्क्रीन रेकॉर्डिंगवर दाखवलं तेव्हा गप्प झाला. रेकॉर्डिंगमुळंपण फोन तापतो, म्हणून मोजायच्या मॅचमध्ये ते बंद ठेवलं होतं, ही वेगळी मॅच होती.

आता ट्रिगर. त्याची तक्रार होती की गोळी कधी सुटते कधी नाही. ट्रिगर म्हणजे फोनच्या वरच्या कडेला चिमट्यासारखी बसणारी दांडी, तर्जनीनं दाबली की तिचं टोक स्क्रीनवर टेकतं, आणि बोट, धातू, रबर असं जोडलेलं असल्यामुळं स्क्रीनला वाटतं बोटच लागलं. फोनला ट्रिगर आहे हे कळतच नाही, त्याला नुसता एक टच कळतो. म्हणून त्याला सेटिंग लागत नाही, बॅटरी लागत नाही, गेमचा सपोर्ट लागत नाही, आणि म्हणूनच तो बीजीएमआयमध्ये चालतो.

तो टच खरंच लागतो का हे बघायला डेव्हलपर ऑप्शनमधलं `Pointer location` चालू केलं, मग स्क्रीनवर प्रत्येक टचची रेघ आणि ठिकाण दिसतं. त्याला म्हटलं, डावा ट्रिगर पन्नास वेळा दाब, मी मोजतो. नऊ वेळा काहीच उमटलं नाही. उजवा पन्नासात दोन वेळा चुकला. म्हणजे पोराचा समज खरा होता, डावा ट्रिगर पाचातला एक टच खात होता.

कारणं दोन निघाली. एक, स्क्रीनवर जाड टेम्पर्ड ग्लास आणि तिची कड डाव्या बाजूला उचललेली, टोक कडेवर टेकायचं आणि खाली नुसती हवा. दुसरं, गेम मोडमध्ये चुकीचा टच टाळायचं सेटिंग चालू होतं, ते अगदी कडेचे टच तळहात समजून सोडून देतं. ग्लास काढली, नवीन पातळ लावली, ते सेटिंग बंद केलं, ट्रिगर तीनेक मिलिमीटर आत सरकवला. पन्नासात एक चूक. मग गेमच्या कंट्रोल लेआउटमध्ये फायरचं बटण मोठं करून बरोबर टोकाखाली आणलं, उजव्या ट्रिगरखाली स्कोपचं. हे लेआउटचं काम निम्मे लोक करतच नाहीत, बटण जिथं आहे तिथं ट्रिगर लावायला बघतात आणि चिमटा तिथं पोचत नाही.

मग फायदा झाला का? झाला, पण का झाला ते नीट समजून घ्यायला पाहिजे. भाचा दोन अंगठ्यानी खेळायचा. उजवा अंगठा निशाणा धरतो आणि तोच अंगठा फायरलापण जातो, म्हणजे गोळी मारायला निशाणा सोडायचा. ट्रिगरनं फायर तर्जनीकडं गेलं आणि अंगठा निशाण्यावरच राहिला. ट्रेनिंग ग्राउंडवर एम४१६ बंदूक घेऊन एकाच अंतरावरच्या टार्गेटवर दहा-दहा मॅगझिन मारून बघितली, पूर्वीपेक्षा गोळ्या लागायचं प्रमाण स्पष्ट वाढलं. पण हाच फायदा चार बोटांच्या क्लॉ पकडीनं फुकट मिळतो, दोन्ही तर्जन्या स्क्रीनवर. त्याच्या टीममधला जो सगळ्यात चांगला खेळतो तो क्लॉ धरतो, त्याच्या फोनवर आम्ही ट्रिगर लावून दिले तर तो उलट वाईट खेळला, कारण त्याची बोटं आधीच मोकळी होती आणि दांडीचा प्रवास मात्र नवीन आला. स्क्रीनवर बोट टेकायला काहीच अंतर नसतं, ट्रिगरला दाबायला अंतर लागतं.

आणि जायरो, म्हणजे फोनचा कल ओळखणारा सेन्सर. भाचा स्कोप लावल्यावर फोन हलवून निशाणा धरतो. ट्रिगर जोरात ओढला की फोन त्या बाजूला किंचित कलतो आणि जायरो तो कल निशाण्यात घालतो. पहिल्या आठवड्यात त्याची पहिली गोळी नेहमी जरा बाजूला जायची, त्याला वाटायचं रिकॉइल, म्हणजे बंदुकीचा झटका आहे. नरम स्प्रिंगचे ट्रिगर आणि जायरोची सेन्सिटिव्हिटी थोडी कमी, एवढ्यानं ते आटोक्यात आलं, पूर्ण गेलं नाही.

बॅटरीवाले ट्रिगर पण मिळतात, एकदा दाबलं की सेकंदाला पंधरा-वीस टच मारतात. ते घेऊ नको हे मी त्याला स्वच्छ सांगितलं. ते तुझं बोट नाही, मशीन खेळतंय, समोरच्या पोरांवर अन्याय आहे आणि आयडी बॅन व्हायचा धोका वेगळा.

एक गोष्ट कुठल्याच वस्तूच्या डब्यावर लिहिलेली नसते, ती म्हणजे ह्या वस्तू एकमेकांना नडतात. ट्रिगरचा चिमटा आणि कूलरची क्लिप दोन्हीला फोनची तीच लांब कड पाहिजे. डावा ट्रिगर नेमका आवाजाच्या बटणावर बसला होता, ऐन मॅचमध्ये आवाज शून्य झाला आणि पावलंच ऐकू येईनात, भाच्याला वाटलं इअरफोन गेला. शेवटी कूलर वर सरकवल्यावर ट्रिगरला जागा मिळाली ती एका बाजूलाच, म्हणून आता तो उजव्या बाजूला एकच ट्रिगर लावतो, फायरचं बटण त्याच्याखाली आणून, आणि डावी तर्जनी स्क्रीनवर.

राहिला कंट्रोलर. माझ्याकडं जुना पीएस४ चा कंट्रोलर आहे, शेअर आणि पीएसचं बटण एकत्र धरलं की पेअरिंगला येतो, फोननं लगेच ओळखला. होमस्क्रीनवर बाणाच्या बटणांनी आयकॉन हलायला लागले. भाचा खूश होऊन बीजीएमआय उघडला आणि आत काहीच नाही. काठी हलवली, नाही. ट्रिगर दाबला, नाही. म्हणाला हा कंट्रोलर खराब असेल, नवीन चालेल. नाही बाळा, नवीनही चालणार नाही. फोन कंट्रोलर ओळखतो ही एक गोष्ट आणि गेम कंट्रोलरचं ऐकतो ही दुसरी. अँड्रॉइड फक्त निरोप पोचवतो की अमुक बटण दाबलं, तो निरोप वाचायचं काम गेम बनवणाऱ्यानं लिहिलेलं असावं लागतं आणि बीजीएमआयमध्ये अधिकृत कंट्रोलर सपोर्टच नाही.

मग बाजारात बीजीएमआयसाठी म्हणून कंट्रोलर विकतात ते कसे चालतात, हा त्याचा पुढचा प्रश्न, आणि बरोबर प्रश्न. ते एखाद्या मॅपिंग ॲपमधून बटणाचं रूपांतर खोट्या टचमध्ये करतात, म्हणजे कंट्रोलरचं आर२ बटण दाबलं की ॲप स्क्रीनवर फायरच्या जागी टच मारतं. ह्यात दोन अडचणी. गेमला असलं ॲप दिसलं की आयडीवर कारवाई होऊ शकते, आणि समजा नाही झाली तरी निशाणा धरायला काठीचं रूपांतर बोट घासण्यात करावं लागतं, ते कडेपर्यंत गेलं की बोट उचलून परत ठेवल्यासारखा झटका बसतो. वर्षभर जपलेला आयडी त्यासाठी पणाला लावायचा नाही, एवढंच मी म्हणालो.

खात्री पटावी म्हणून त्याच्या फोनवर कॉल ऑफ ड्यूटी मोबाईल टाकलं. त्याला कंट्रोलर सपोर्ट आहे, मेनू मात्र बोटानंच चालवायचा, मॅच सुरू झाल्यावर कंट्रोलर जिवंत होतो, आणि कंट्रोलरवाल्यांना कंट्रोलरवाल्यांबरोबरच लावतात. तिथं तो अर्ध्या तासात रमला. अस्फाल्टमध्ये गाडी चालवताना तर टचपेक्षा कितीतरी बरं, पीपीएसएसपीपी ह्या एम्युलेटर ॲपवर जुने पीएसपीचे गेम खेळायला कंट्रोलरच पाहिजे. म्हणजे वस्तू चांगली आहे, त्याच्या गेमला ती लागू नाही. विकत घ्यायच्या आधी कुणाचा तरी कंट्रोलर दहा मिनिटं मागून आपल्याच गेममध्ये, मॅचच्या आत लावून बघायचा, होमस्क्रीनवर आयकॉन हलले म्हणून पैसे द्यायचे नाहीत. साडेतीन हजार वाचले ते त्यानं आईकडं परत दिले, ताईला खरंच वाटेना.

सगळ्यात स्वस्त वस्तू शेवटी कामाला आली. मे महिन्यात बोटाला घाम, घामाचं बोट काचेवर अडकत अडकत सरकतं आणि निशाणा पायऱ्या पायऱ्यांनी हलतो. अंगठ्यात घालायच्या पातळ बोटमोज्यांची जोडी साठ रुपयाला मिळाली, चांदीच्या धाग्याचं विणकाम असतं त्यामुळं टच लागतो. दर दोन-तीन आठवड्यांनी धाग्याचा जोर जातो आणि टच सुटायला लागतो, तेव्हा परत `Pointer location` लावून रेघ तुटते का बघायचं आणि तुटत असेल तर जोडी बदलायची. ट्रिगर, कूलर, सगळ्यांपेक्षा ह्या साठ रुपयांबद्दल तो मला दोनदा थँक यू म्हणाला.

मित्राचा पेल्टियर परत गेला आणि भाच्यानं स्वतःचा घेतला, दुपारी वरच्या खोलीत बसायचंच असेल तेव्हासाठी. मे आणि जूनचे पहिले दिवस मजेत गेले. जुलैत एका संध्याकाळी फोन आला, मामा, कूलरखाली पाणी आलंय, कूलर गळतोय का? विचारलं, लगेच बंद केलास का, तर म्हणाला नाही, मॅच चालू होती. आधी बंद कर म्हटलं, आणि फोन उघडून बघायला घेऊन ये.

कूलरमध्ये पाणी नसतंच, गळणार कुठून. मे महिन्यात हवा कोरडी असते, गार प्लेटवर दव पडायला ती फारच खाली जावी लागते. जुलैत पाऊस पडून गेलेला, हवेत ओल भरपूर, वीस-बावीस अंशाच्या खाली गेलेल्या कुठल्याही गोष्टीवर पाणी जमतं, थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसंच. प्लेटच्या कडेनं थेंब जमून कॅमेऱ्याच्या काचेखाली वाफ धरली होती. माझ्याकडं आणल्यावर पाठ उघडून बघितली, बोर्डाजवळ थोडी ओल, पाणी लागलं की रंग बदलणारा आतला स्टिकर अजून पांढरा होता, म्हणजे आतलं पाणी तिथवर पोचलं नव्हतं. वाळवून, नवीन ॲडेसिव्ह लावून बंद केला. अजून दोन-तीन आठवडे तसंच चाललं असतं तर बोर्डाला गंज धरला असता.

त्या संध्याकाळी वरच्या खोलीत सव्वीस अंश होतं. मी त्याला म्हटलं, तो चारशेवाला पंखा कुठंय, फेकला नाहीस ना? कपाटातून काढला, कॅमेऱ्याखालच्या त्याच पट्ट्यावर लावला. सव्वीसची हवा आणि चाळीसची पाठ, आता उतार चौदा अंशाचा. तीन मॅच, फ्रेम रेट ९०, स्टेटस एकच्या वर गेलाच नाही, आणि पाठीला पाण्याचा थेंब नाही. पेल्टियर आता डब्यात आहे, मार्चमध्ये काढायचाय.